परदेशात कापलेल्या टॅक्सची वजावट आणि अधिकाऱ्याच्या नोटिशीचे उत्तर

आखातात टॅक्स नाही, असे आपल्या व्यापारी बंधूंमध्ये सर्रास बोलले जाते. नोकरीच्या पगारापुरते ते आजही खरे आहे. संयुक्त अरब अमिरातीत किंवा सौदीत पगारावर आयकर कापला जात नाही, आणि जो टॅक्स भरलाच नाही त्याची वजावट इथे मागण्याचा प्रश्नच येत नाही. परंतु डहाणू-तलासरी पट्ट्यातील माणूस आता फक्त नोकरीसाठी बाहेर जात नाही. तो काम घेऊन जातो, बिल करतो, काम संपले की परत येतो. अशा बिलाच्या रकमेतून तिकडचा गिऱ्हाईक टॅक्स कापून घेतो आणि उरलेले पैसे पाठवतो. पुढे तेच उत्पन्न इथे दाखवले की इथलाही टॅक्स लागतो. एकाच कमाईवर दोनदा टॅक्स पडू नये म्हणून कायद्याने सवलत ठेवली आहे. ती मिळते कशी, किती मिळते आणि अधिकाऱ्याने पुरावा मागितला तर काय द्यायचे, हे आम्ही एका हिशोबावरून सांगणार आहोत.

हिशोब नमुन्याचा आहे, पण धंदा आपल्या ओळखीचा आहे. डहाणू-चिंचणी भागात सोन्याचांदीच्या दागिन्यांसाठी लागणाऱ्या डाय घरोघरी बनतात. अशाच दोन भावांची एक भागीदारी पेढी धरू. केनियातील मोंबासा शहरात एका दागिन्यांच्या कारखान्याने नवे प्रेस मशीन घेतले. त्यावर डाय बसवणे, नमुने जुळवणे आणि ठोकणीतील दोष काढणे हे काम पेढीला मिळाले. धाकटा भाऊ जानेवारी २०२४ मध्ये तीन आठवडे तिकडे राहून आला. बिल पेढीच्या नावे, डॉलरमध्ये. रुपयात ते ६,००,००० धरू. गिऱ्हाइकाने फेब्रुवारीत पैसे पाठवताना २० टक्के, म्हणजे १,२०,००० रुपये टॅक्सपोटी कापले. बँकेने आपला खर्च १,५०० रुपये वजा केला. डहाणूच्या खात्यात जमा झाले ४,७८,५०० रुपये.

पहिली चूक बहुधा इथेच होते. वहीत जमेची नोंद ४,७८,५०० रुपयांची होते आणि तेच उत्पन्न म्हणून दाखवले जाते. तसे करून पुन्हा १,२०,००० रुपयांची वजावट मागितली तर एका रकमेचा फायदा दोनदा घेतल्यासारखे होते, आणि अधिकारी ते लगेच पकडतो. पूर्ण ६,००,००० रुपये जमेला घेतले पाहिजेत. बँकेचे १,५०० रुपये खर्चात जातील. कापलेला टॅक्स खर्चात टाकायचा नाही, तो परदेशी टॅक्स म्हणून वेगळ्या खात्यात दाखवायचा. विमानाचे तिकीट, व्हिसा, राहणे-जेवणे, तिकडे नेलेल्या पोलादाची किंमत आणि बँकेचा खर्च मिळून या कामावर २,४०,००० रुपये गेले असे धरू. म्हणजे केनियाच्या कामाचा नफा ३,६०,००० रुपये झाला.

भागीदारी पेढीला भारतात ३० टक्के दराने टॅक्स आणि त्यावर ४ टक्के सेस लागतो, मिळून ३१.२ टक्के. उत्पन्न एक कोटीच्या वर गेले तरच सरचार्जचा विषय येतो, तो इथे नाही. ३,६०,००० वर ३१.२ टक्के म्हणजे १,१२,३२० रुपये. पेढीच्या मुनीमजींनी साहजिकच असा विचार केला की तिकडे १,२०,००० गेले, इथे १,१२,३२० लागतात, तेव्हा इथे काहीच भरायला नको. कायदा तसे म्हणत नाही.

आयकर नियमांतील नियम १२८ मध्ये या सवलतीचे मोजमाप दिलेले आहे. त्या उत्पन्नावर भारतात लागणारा टॅक्स आणि परदेशात भरलेला टॅक्स, या दोहोंत जो कमी असेल तेवढीच वजावट मिळते. पण त्याला एक शेपूट आहे, आणि आपल्या लोकांचे पैसे तिथेच अडकतात. भारताचा त्या देशाशी दुहेरी कराचा करार असेल आणि करारात ठरलेल्या दरापेक्षा तिकडे जास्त टॅक्स कापला गेला असेल, तर ती जादा रक्कम हिशोबात धरलीच जात नाही. केनियाशी भारताचा नवा करार २०१६ साली झाला आणि २०१७ साली अमलात आला. त्यात व्यवस्थापकीय, व्यावसायिक व तांत्रिक सेवांच्या शुल्कावर जास्तीत जास्त १० टक्के टॅक्स घेता येतो. केनियाच्या स्वतःच्या कायद्यात बाहेरच्या माणसासाठी हा दर २० टक्के आहे. मोंबासाच्या गिऱ्हाइकाने आपल्या देशाच्या कायद्याप्रमाणे २० टक्के कापले आणि कराराचा दर कुणी मागितलाच नाही.

परिणाम असा की १,२०,००० पैकी कराराप्रमाणे धरता येतात ते ६०,००० रुपये. भारतातील टॅक्स १,१२,३२० असल्याने ६०,००० ही कमी रक्कम ठरते, आणि वजावट तेवढीच मिळते. बाकीचे ५२,३२० रुपये इथे भरावे लागतात. केनियात जादा गेलेले ६०,००० भारत सरकार देणार नाही. ते मागायचे तर केनियाच्या महसूल खात्याकडे परताव्याचा अर्ज करावा लागेल, आणि डहाणूत बसून ते काम सोपे नाही.

ही साठ हजारांची झळ टाळता येत होती. पैसे येण्यापूर्वी पेढीने आपल्या आयकर अधिकाऱ्याकडून रहिवासाचा दाखला घेतला असता आणि तो गिऱ्हाइकाकडे पाठवून कराराचा दर लावण्याची लेखी विनंती केली असती, तर मुळात १० टक्केच कापायला सांगता आले असते. १९६१ च्या कायद्याखाली हा अर्ज फॉर्म १०एफए मध्ये होत असे आणि दाखला फॉर्म १०एफबी मध्ये मिळत असे. व्हिसासाठी माणूस महिनाभर आधी धावपळ करतो, तसा हा दाखलाही तिकीट काढण्याच्या सुमारास मागावा. पैसे कापून गेल्यावर आलेल्या दाखल्याचा उपयोग फारसा राहत नाही.

उलट बाजूही लक्षात घ्यावी. याच कामावर खर्च जास्त होऊन नफा फक्त १,५०,००० रुपये उरला असता, तर भारतातील टॅक्स ४६,८०० रुपये झाला असता. तेव्हा करारानुसार ६०,००० धरता येत असूनही वजावट ४६,८०० चीच मिळाली असती. उरलेले १३,२०० इथल्या दुसऱ्या कमाईवरील टॅक्समधून वळते करता येत नाहीत. परदेशी टॅक्स बिलाच्या पूर्ण रकमेवर कापला जातो आणि भारतीय टॅक्स नफ्यावर बसतो, म्हणून थोड्या नफ्याच्या कामात ही तफावत बोचते. भाव ठरवतानाच तिचा विचार झाला पाहिजे.

सौदीचे उदाहरण याहून कडक आहे. तलासरीच्या हायवेलगत गाळा असलेला एखादा मशीन दुरुस्तीचा कारागीर रियाधच्या कंपनीसाठी तीन आठवडे काम करून आला, आणि कंपनीने तांत्रिक सेवेवर ५ टक्के कापले, असे धरू. भारत-सौदी करारात तांत्रिक सेवांच्या शुल्काचे वेगळे कलमच नाही. तिकडे कायमचे ठिकाण नसलेल्या आणि थोडेच दिवस राहिलेल्या कारागिराच्या अशा कमाईवर करारानुसार सौदीत टॅक्स लागायलाच नको. मग कापलेले ५ टक्के पूर्णच जादा ठरतात, आणि अधिकारी वजावट शून्य धरू शकतो. आकडा लहान म्हणून माणूस गप्प बसतो, पण त्या कापलेल्या पैशांची दाद सौदीतच मागावी लागते.

एक गोष्ट थोडक्यात. ही वजावट आयकराचीच मिळते. दुबईच्या बिलावरील व्हॅट, कस्टम्स, नगरपालिकेची फी, टॅक्स उशिरा भरल्याचे व्याज किंवा दंड यांतले काहीही त्यात बसत नाही. आखाताचे चित्रही बदलते आहे. अमिरातीत जून २०२३ पासून धंद्याच्या ३,७५,००० दिरहमच्या वरील नफ्यावर ९ टक्के कॉर्पोरेट टॅक्स सुरू झाला. ओमानने जून २०२५ मध्ये ४२,००० रियालच्या वरील वार्षिक कमाईवर ५ टक्के व्यक्तिगत आयकर जाहीर केला, तो जानेवारी २०२८ पासून लागू व्हायचा आहे. तेव्हा हा विषय आफ्रिकेपुरता राहणार नाही.

आता सवलत मागण्याची रीत पाहू. आमच्या उदाहरणातले वर्ष २०२३-२४ आहे, म्हणून त्याला १९६१ चाच कायदा लागतो. करार असलेल्या देशांसाठी त्यातील कलम ९० आहे आणि करार नसलेल्यांसाठी कलम ९१. नवा आयकर कायदा २०२५ साली मंजूर झाला, त्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ आहे, आणि त्यात हीच सवलत कलम १५९ व १६० मध्ये आली आहे. जुन्या वर्षांच्या नोटिशींना उत्तर देताना मात्र जुनीच कलमे लिहायची.

विवरणपत्रात, म्हणजे रिटर्नमध्ये, परदेशी उत्पन्नाचा एक तक्ता असतो आणि वजावटीचा दुसरा. पडद्यावर त्यांची नावे Schedule FSI आणि Schedule TR अशी दिसतात. दोन्ही भरावे लागतात. छोटे दुकानदार ठोक नफ्याच्या योजनेसाठी जो सोपा आयटीआर-४ भरतात, तो परदेशी उत्पन्न असलेल्याला चालत नाही. आपल्या पेढीने आयटीआर-५ भरायचा. याशिवाय फॉर्म ६७ वेगळा ऑनलाईन द्यावा लागतो. तो पोर्टलवर e-File > Income Tax Forms > File Income Tax Forms इथे मिळतो. देशाचे नाव, उत्पन्नाचा प्रकार व रक्कम, तिकडे कापलेला टॅक्स, कराराचे कलम व दर आणि मागितलेली वजावट हे त्यात लिहायचे, आणि टॅक्स कापल्याचा दाखला जोडायचा. रिटर्नच्या तक्त्यातील आकडा आणि फॉर्ममधील आकडा रुपयाला रुपया जुळला पाहिजे. बेंगळुरूच्या केंद्रात हे मशीन तपासते, आणि मशीनला आपली अडचण समजावून सांगता येत नाही.

मुदतीबाबत लोकांचा अजून गोंधळ आहे. पूर्वी फॉर्म ६७ रिटर्नच्या मूळ मुदतीतच द्यावा लागे. ऑगस्ट २०२२ मध्ये नियम बदलला. रिटर्न वेळेत किंवा उशिराच्या परवानगीच्या मुदतीत भरलेले असेल, तर ते उत्पन्न ज्या आकारणी वर्षात दाखवले त्या वर्षाच्या अखेरपर्यंत फॉर्म देता येतो. आपल्या पेढीने जुलै २०२४ मध्ये रिटर्न भरले, म्हणजे फॉर्मसाठी ३१ मार्च २०२५ पर्यंत वेळ होता. त्यानंतर दिला तर काय? मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ साली असे म्हटले की फॉर्म उशिरा दिला एवढ्याने सवलत बुडत नाही, आणि बेंगळुरूच्या आयकर न्यायाधिकरणानेही तसेच निकाल दिले आहेत. पण विशाखापट्टणमच्या पीठाने २०२२ साली उलट निकाल दिला. थोडक्यात, उशीर झाला तर हक्क कदाचित मिळेल, पण अपिलाच्या पायऱ्या चढून. तारीख पाळणे स्वस्त पडते.

रुपयात रूपांतराचा दर हा नोटिशीतला नेहमीचा प्रश्न. पेढीने बँकेत प्रत्यक्ष मिळालेला दर लावून टाकला होता. वजावटीसाठी मात्र नियम असा आहे की टॅक्स ज्या महिन्यात कापला, त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा तार-खरेदी दर घ्यायचा. बँकेच्या दरपत्रकात तो टीटी बाइंग रेट म्हणून दिसतो. टॅक्स फेब्रुवारी २०२४ मध्ये कापला, म्हणून ३१ जानेवारी २०२४ चा दर. स्टेट बँकेच्या त्या दिवसाच्या दरपत्रकाची प्रत फाईलला लावावी. जुने दरपत्रक दीड वर्षाने शोधणे कटकटीचे असते, म्हणून त्याच महिन्यात ते काढून ठेवावे. कापणीचा दाखला शिलिंगमध्ये आणि बिल डॉलरमध्ये असेल तर दोन चलने का आली, हे एका ओळीत लिहून द्यावे.

आता नोटीस. रिटर्न तपासणीला निवडल्याची कलम १४३(२) ची नोटीस, रिटर्न ज्या आर्थिक वर्षात भरले ते संपल्यापासून तीन महिन्यांत यावी लागते. जुलै २०२४ च्या रिटर्नसाठी ती ३० जून २०२५ पर्यंत यायला हवी. त्यानंतर कलम १४२(१) ची प्रश्नावली येते. हे सगळे आता चेहरा न दिसता चालते. पालघर किंवा ठाण्याला जाऊन साहेबांना भेटण्याचा प्रकार यात नाही. नोटीस ई-मेलवर आणि पोर्टलवर Pending Actions > e-Proceedings इथे येते, आणि उत्तरही तिथेच द्यावे लागते. प्रत्येक नोटिशीवर कागदाचा ओळखक्रमांक असतो. पोर्टलच्या पहिल्या पानावर नोटीस खरी आहे का हे त्या क्रमांकाने पडताळता येते. ते आधी करावे, कारण खोट्या नोटिशी पाठवून पैसे उकळणारेही आहेत.

पेढीला आलेली प्रश्नावली साधारण अशी होती. केनियातील उत्पन्नाचे स्वरूप सांगा, करार द्या, बिल द्या, बँकेतील जमा दाखवा, टॅक्स भरल्याचा पुरावा द्या, आणि १,२०,००० रुपये कोणत्या कलमाखाली मागितले ते सांगा. पेढीकडे होता काय? गिऱ्हाइकाचा एक ई-मेल, ज्यात लिहिले होते की टॅक्स कापून बाकी पाठवत आहोत. आणि केनियाच्या पोर्टलवरून निघालेला कापणीचा दाखला, पण तो पेढीच्या नावे नव्हता. पासपोर्टवर धाकट्या भावाचे नाव होते, म्हणून गिऱ्हाइकाच्या लेखनिकाने तेच टाकले होते.

इथे बरेच लोक घाबरतात आणि परदेशी सरकारचा शिक्का आणायचा कसा म्हणून उत्तरच देत नाहीत. ही सर्वांत वाईट वाट आहे. १४२(१) ला उत्तर न दिल्यास १०,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि अधिकारी आपल्या अंदाजाने आकारणी करून मोकळा होतो. नियम १२८ तर सरकारी शिक्क्याचा हट्ट धरतच नाही. त्यात पुराव्याचे तीन मार्ग दिले आहेत, आणि तिन्ही सारखेच चालतात. पहिला म्हणजे त्या देशाच्या टॅक्स खात्याचा दाखला. दुसरा, टॅक्स कापणाऱ्याचा, म्हणजे गिऱ्हाइकाचा दाखला, ज्यात उत्पन्नाचा प्रकार आणि कापलेली रक्कम लिहिलेली असेल. तिसरा, करदात्याने स्वतः सही करून दिलेले निवेदन. मात्र या तिसऱ्या मार्गाला जोड लागते. टॅक्स स्वतः भरला असेल तर ऑनलाईन भरण्याची पोच किंवा बँकेचे चलन, आणि दुसऱ्याने कापला असेल तर कापल्याचा पुरावा.

ई-मेल एकट्याने पुरत नाही, हे खरे. कारण त्यात रक्कम नव्हती आणि कोणत्या बिलातून कापले तेही नव्हते. पण गिऱ्हाइकाने लेटरहेडवर सहीनिशी एवढेच लिहिले, की अमुक क्रमांकाच्या बिलापोटी पेढीला इतके देणे होते, त्यातून तांत्रिक सेवेवरील टॅक्स म्हणून इतके कापले, अमुक तारखेला महसूल खात्यात भरले, आणि दाखल्यावर व्यक्तीचे नाव चुकीने आले असून देणे पेढीचे होते, तर तो दुसऱ्या मार्गाचा पुरावा होतो. पेढीने तेच मागितले. दाखला दुरुस्त करून मिळाला तर उत्तमच, पण त्यासाठी उत्तर थांबवायचे नाही.

मुदत कमी पडत असेल तर पोर्टलवरच तारीख वाढवून मागण्याची सोय आहे. ती मागावी, पण हातात असलेले कागद त्याच वेळी लावून. अर्धे उत्तर देऊन बाकीसाठी वेळ मागणाऱ्याकडे अधिकारी वेगळ्या नजरेने पाहतो. मोंबासाहून पत्र यायला दहा दिवस लागले, तेवढे मिळाले.

उत्तराचा मुख्य कागद म्हणजे जुळवणीचे एक पान. अधिकाऱ्यापुढे ढीगभर कागद टाकण्यापेक्षा हे पान जास्त काम करते, असे आमचे मत आहे. त्यात पेढीने असे मांडले: बिल ६,००,००० रुपये, सोबत बिलाची प्रत. त्यातून केनियात कापलेला टॅक्स १,२०,०००, सोबत दाखला आणि गिऱ्हाइकाचे पत्र. पाठवलेली रक्कम ४,८०,०००. बँकखर्च १,५००, सोबत बँकेचे जमापत्र. खात्यात जमा ४,७८,५००, सोबत खातेउतारा, त्या ओळीवर खूण करून. वहीत उत्पन्न ६,००,००० घेतले, सोबत खातेवहीचे पान. रिटर्नमध्ये नफा ३,६०,००० दाखवला, सोबत खर्चाची यादी. प्रत्येक आकड्यासमोर जोडपत्राचा क्रमांक. काम खरोखर झाले याला आधार म्हणून पासपोर्टवरील ये-जा शिक्क्यांची पाने, तिकीट आणि कामाचा करार. अशा जुळवणीत एक जरी आकडा लटकत राहिला तर पुढचा प्रश्न त्यावरच येतो, म्हणून दीड हजारांचा बँकखर्चही सोडायचा नाही.

राहिला कलमाचा प्रश्न. सल्लागाराने इथे पेढीला सरळ सांगितले की १,२०,००० चा हट्ट टिकणार नाही. दाखल्यावरच २० टक्के छापले होते आणि कराराचा दर १० आहे, तेव्हा अधिकारी ते पाहणारच. पेढीने आपणहून लिहिले की करारातील तांत्रिक सेवांच्या कलमाप्रमाणे १० टक्के दराने ६०,००० रुपयांचीच वजावट आम्ही मागतो, नियम १२८ मुळे जादा रकमेचा दावा सोडतो, आणि सुधारित हिशोब सोबत जोडला आहे. आमच्या मते हेच शहाणपणाचे होते. उरलेल्या साठ हजारांच्या खऱ्या हक्कावर संशयाची छाया पडू दिली नाही. फरकाचे ५२,३२० रुपये भरावे लागले. अ‍ॅडव्हान्स टॅक्स कमी पडला असल्यास त्यावर दरमहा १ टक्का व्याजही लागते, ते सल्लागाराकडून मोजून घ्यावे. चूक दिसताक्षणी पैसे भरल्यास व्याजाचा काटा तिथेच थांबतो.

अधिकाऱ्याचे समाधान झाले नाही तर तो एकदम आदेश काढत नाही. वजावट का नाकारू नये अशी कारणे दाखवा नोटीस आधी येते. तिला उत्तर देताना व्हिडिओवर तोंडी म्हणणे मांडण्याची मागणीही पोर्टलवरून करता येते. तरी आदेश विरुद्ध गेला तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करायचे.

याहून वेगळा आणि अधिक वेळा घडणारा प्रकार म्हणजे तपासणीची नोटीस न येता, बेंगळुरूच्या केंद्राकडून आलेल्या पत्रकातच वजावट शून्य दाखवून टॅक्सची मागणी येणे. फॉर्म ६७ दिलेलाच नसेल किंवा तक्त्यातील आकडा जुळत नसेल, तर हे होते. फॉर्म मुदतीत दिलेला असेल तर कलम १५४ खाली दुरुस्तीचा अर्ज ऑनलाईन करावा आणि फॉर्मचा पोच क्रमांक त्यात लिहावा. त्यासाठी ते पत्रक ज्या आर्थिक वर्षात निघाले ते संपल्यापासून चार वर्षे मिळतात, पण दुरुस्तीचा अर्ज पडून राहिला तर अपिलाचे ३० दिवस निघून जातात. म्हणून रक्कम मोठी असेल तर दोन्ही एकदमच करावे.

कागद कोणते जपायचे, हे वरच्या हिशोबात आलेच आहे. कामाला निघतानाच गिऱ्हाइकाकडून एक गोष्ट लेखी घ्यावी, की टॅक्स कापल्यास कापणीचा दाखला पेढीच्या नावे पैशांबरोबरच पाठवला जाईल. दाखला अरबी किंवा पोर्तुगीज भाषेत असेल तर सहीचे भाषांतर लगेच करून घ्यावे. पैसे हाती पडून वर्ष झाले की गिऱ्हाइकाचा लेखनिक बदलतो, फोन उचलला जात नाही, आणि ज्या पत्राला एरवी दहा दिवस लागतात त्याला तीन महिने लागतात.